फ्रेंच क्लायंटला मेल: इंग्लिशवरून उचललेले शब्द कुठे कुठे फसवतात?

चाकणची_चिमणी

नमस्कार मंडळी, मी चाकणच्या एका छोट्या ऑटो पार्ट्स कंपनीत एक्स्पोर्टचं काम बघते. लिओंजवळ आमचा एक जुना क्लायंट आहे, आत्तापर्यंत सगळं इंग्लिशमध्ये चालायचं, पण त्यांच्या खरेदी विभागात आता नवीन बाई आल्यात आणि त्यांना फ्रेंचच बरं पडतं. माझं फ्रेंचचं बी२ झालंय हे साहेबांना माहीत, त्यामुळे मेल आली माझ्या गळ्यात.

साहेबांनी इंग्लिशमध्ये जे सांगितलं त्याचा अर्थ असा: खरं तर डिलिव्हरीला उशीर झालाय, शेवटी माल १५ मार्चला जाईल, ट्रान्सपोर्टचा खर्च ऑर्डरप्रमाणे म्हणजे तुमच्याकडे असं आम्ही धरून चाललोय, आणि कन्फर्मेशन हवंच. त्यावरून केलेला ड्राफ्ट खाली देतेय. फोनवर फ्रेंच कीबोर्ड नाही म्हणून देवनागरीत टाकते, समजून घ्या.

"बोंझूर मादाम, झेस्पेर क स मेल वू त्रूव्ह ब्याँ. आक्त्युएलमाँ नू झाव्हों अँ देले दाँ ला लिव्हरेझों. नू लिव्हररों एव्हाँत्युएलमाँ ले पिएस ल १५ मार्स. नू झास्युमों ले फ्रे द त्राँस्पोर. नू दमाँदों व्होत्र कोंफिर्मासियों. मेयर रगार."

व्याकरण तपासून झालंय, स्पेलचेकमध्ये एकही लाल रेघ नाही, तरी काहीतरी खटकतंय. अजून पाठवलेली नाही. कोणी बघेल का?

अर्धवट_पुणेकर

ताई, फ्रेंच लोकांसमोर एकच नियम पाळा, इंग्लिश शब्द वापरायचा नाही!! त्यांना प्रचंड राग येतो. 'मेल' काढा, 'कुरिएल' लिहा, मीटिंग नाही 'रेयुनियों', डेडलाईन नाही 'दात लिमीत'. त्यांच्याकडे तसा कायदाच आहे, दंड होतो. बाकी ड्राफ्ट मला तरी ठीक वाटतोय, 'आक्त्युएलमाँ'ने सुरुवात केलीय ते छान.

डेल्फवाला

बी२ला किती मार्क पडले ताई? मी पुढच्या सेशनला बसतोय, प्रॉडक्शन एक्रीत म्हणजे लेखनाच्या भागात फॉर्मल पत्र येतं त्याचा एखादा तयार साचा असेल तर इथे टाका ना.

लिओंकर

चिमणीताई, पाठवली नाहीत ते फार बरं झालं. मी इथे बरीच वर्षं राहतोय, टेक्निकल आणि कमर्शियल भाषांतराचं काम करतो आणि अशा मेल रोज बघतो. तुमच्या ड्राफ्टमध्ये 'मेल' सोडला तर एकही इंग्लिश शब्द नाही आणि नेमका तोच घोटाळा आहे. पुणेकर म्हणतात ते मीटिंग, कॉल, डेडलाईन वगैरे शब्द इथल्या ऑफिसात फ्रेंच लोकच दिवसभर तोंडात घोळवत असतात, तुम्ही लिहिलेत तर फार तर एखादा म्हातारा साहेब नाक मुरडेल, पण अर्थ कळेल. तुमचे शब्द मात्र अस्सल फ्रेंच आहेत, वाचणाऱ्या बाईंना ते अडणार नाहीत, फक्त त्यांना भलतंच समजेल आणि कोणालाच पत्ता लागणार नाही. स्पेलचेक काय लाल रेघ मारणार, शब्द तर बरोबरच आहे!

तुमची मेल त्या बाई कशी वाचतील ते मराठीत सांगतो:

"मॅडम, ही मेल तुम्हाला बरी सापडेल अशी आशा आहे. सध्या आमच्याकडे डिलिव्हरीत एक मुदत आहे. आम्ही कदाचित १५ मार्चला पार्ट पोचवू. ट्रान्सपोर्टचा खर्च आम्ही उचलतो. आम्ही तुमचं कन्फर्मेशन मागतो. उत्तम नजरा."

आता सगळ्यात महागडी चूक कोणती ते तुम्हीच बघा.

बाबूराव_भोसरी

अरे देवा. "खर्च आम्ही उचलतो"??? ताई ही मेल गेली असती तर साहेबांनी तुम्हालाच कंटेनरमध्ये बसवून पाठवलं असतं.

चाकणची_चिमणी

😳😳 लिओंकर दादा, 'आस्युमे' म्हणजे गृहीत धरणं नाही?

लिओंकर

नाही. 'आस्युमे' म्हणजे अंगावर घेणं. जबाबदारी घेणं, परिणाम भोगायला तयार असणं, खर्च उचलणं. इथे कोणी नुसतं "झास्युम" म्हणालं तर त्याचा अर्थ "हो, मी केलं, आणि माझं मी निस्तरीन". त्यापुढे 'ले फ्रे' म्हणजे खर्च हा शब्द आला की वाक्य थेट वचन होतं, कराराच्या भाषेत हे असंच लिहितात. तुम्ही "नू झास्युमों क..." असं लिहून पुढे अख्खं वाक्य जोडलं असतं तर निदान त्या बाईंना शंका आली असती की हे इंग्लिशवरून आलंय, कारण 'क' लावून ते फ्रेंचमध्ये नीट बसत नाही. पण पुढे नुसतं नाम टाकलंत, आणि वाक्य इतकं शुद्ध झालं की शंकेला जागाच उरली नाही.

गृहीत धरण्यासाठी 'स्युपोझे' आहे, किंवा "नू पार्तों द्यु प्रँसीप क" म्हणजे आम्ही हे धरून चाललोय. पण पैशाच्या बाबतीत फ्रेंच माणूस यातलं काहीच लिहीत नाही हो. तो लिहितो "सोफ एरर द नोत्र पार", म्हणजे आमची काही चूक होत नसेल तर, आणि पुढे सरळ हकीकत: खर्च "आ व्होत्र शार्ज", तुमच्याकडे. नम्रही झालं आणि मुद्दा कागदावरही आला. आणि समजा खरोखर तुम्हीच खर्च करणार असाल तर "आ नोत्र शार्ज". या दोन शब्दांत गोंधळ व्हायला जागाच नाही, म्हणून मी क्लायंटना सांगतो की पैशाचं बोलताना 'आस्युमे' विसरून जा.

बाबूराव_भोसरी

दादांनी बरोबर जागी बोट ठेवलं, त्यात एक धंद्याची भर घालतो. चिमणी, तुमची ऑर्डर एफओबी न्हावा शेवा आहे की डीएपी, म्हणजे त्यांच्या ठिकाणापर्यंत पोचवायचा खर्च तुमचा? एफओबी असेल तर माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च तुमचा, म्हणजे चाकण ते बंदर ट्रक, कस्टम, टर्मिनलचे पैसे हे सगळं, आणि तिथून पुढचं भाडं त्यांचं. मग मोघम "ट्रान्सपोर्टचा खर्च तुमच्याकडे" असं लिहिणंही चूकच, बाई म्हणतील ट्रकचे पण आम्हीच द्यायचे का. आणि दुसरं, साहेबांनी १५ मार्च सांगितली ती माल निघायची तारीख ना? तुम्ही 'लिव्हररों' लिहिलंय, म्हणजे पोचवू. न्हावा शेव्याहून फ्रान्सला बोटीने आठवडेच्या आठवडे जातात, बाई १५ तारखेला गोडाऊनच्या दारात उभ्या राहतील.

चाकणची_चिमणी

एफओबी आहे काका. आणि हो, १५ ही निघायचीच तारीख. इंग्लिशमध्ये साहेब शिप म्हणाले, मी लिव्हरे केलं.

लिओंकर

बाबूराव, मान गये. हे माझ्या नजरेतून निसटलं होतं. पाठवणं म्हणजे 'एक्सपेदिए', पोचवणं म्हणजे 'लिव्हरे'. आणि एफओबीमध्ये 'फ्रे मारितीम' म्हणजे समुद्रभाडं त्यांच्याकडे असं लिहा. (देवनागरीत गंमत बघा, खर्च पण फ्रे आणि भाडं पण फ्रे. उच्चार तोच, लिहायला वेगळे, भाड्याच्या शेवटी मुका त असतो.)

आता 'एव्हाँत्युएलमाँ'. माझ्या मते बिझनेस फ्रेंचमधला सगळ्यात लबाड शब्द हाच. इंग्लिशवाल्याला वाटतं शेवटी, अखेरीस, म्हणजे गोष्ट होणार हे नक्की, फक्त वेळ लागेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जमलं तर, वेळ आली तर, कदाचित. म्हणजे बरोब्बर उलटं, होईलच याची खात्रीच काढून घेतो. तुम्ही ठाम तारीख द्यायला बसलात आणि लिहून आलात "जमलं तर १५ ला".

यात फसलोय हे कळतं कसं, तर उत्तरावरून. बाईंचं उत्तर आलं की "पुव्हे-वू नू कोंफिर्मे उन दात फेर्म?" म्हणजे पक्की तारीख द्याल का, तर समजायचं आपली तारीख त्यांना कच्ची वाटली. पुष्कळ भारतीय कंपन्यांना हे उत्तर येतं आणि ते चिडतात की अहो तारीख दिली तर आहे वर, आणि तीच मेल पुन्हा फॉरवर्ड करतात, त्याच 'एव्हाँत्युएलमाँ'सकट.

त्याच्याऐवजी काय? बहुतेक वेळा काहीच नाही, शब्द गाळा. "ल १५ मार्स ओ प्ल्यु तार", १५ मार्चपर्यंत, उशिरात उशिरा. तारखा बदलत बदलत शेवटी ही ठरली असं सुचवायचं असेल तर 'फिनालमाँ'. आज ना उद्या होईलच अशा अर्थाने हवं असेल तर 'तो उ तार'. आणि त्या शब्दाची खरी जागा कुठे, तर विशेषण करून: "लेझ एव्हाँत्युएल फ्रे", म्हणजे झालाच तर होणारा जादा खर्च. असं वापरलंत की मेल एकदम इथली वाटते.

शंका_कुशंका

एक बेरकी प्रश्न. साहेबांना स्वतःलाच १५ ची खात्री नसेल तर? मग 'एव्हाँत्युएलमाँ' राहू द्यावा की, उद्या उशीर झाला तर म्हणता येईल आम्ही कदाचित म्हणालो होतो. 😁

बाबूराव_भोसरी

तुम्ही नक्की खरेदीत कामाला नाही. अशी कदाचितवाली तारीख वाचली की समोरचा दुसऱ्या सप्लायरला फोन लावतो.

लिओंकर

शंका, अट घालायचीच असेल तर ती उघड घाला. "सू रेझेर्व्ह द..." म्हणजे अमुक एका गोष्टीच्या अधीन राहून. उदाहरणार्थ बोटीत जागा मिळण्यावर, किंवा तुमच्याकडून ड्रॉइंगची मंजुरी येण्यावर. तारीख ठाम राहते आणि ती कशामुळे हलू शकते हेही समोरच्याला कळतं. वकिली डोक्याने बघितलं तर शंका म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, करारात उशिराचा दंड असेल तर लोक असे मोघम शब्द मुद्दाम पेरतात, फ्रेंच लोकसुद्धा. पण ते त्यांनी ठरवून केलेलं असतं.

कोकण_टू_क्यूरपीप

मॉरिशसहून नमस्कार. आमचे पणजोबा कोकणातून ऊसमळ्यांवर आले, घरात मराठी सणासुदीला, बोलायला क्रिओल, ऑफिसचे कागद इंग्लिशमध्ये आणि गिऱ्हाईक व पेपर फ्रेंचमध्ये. त्यामुळे ही खिचडी आम्ही रोज खातो. माझं मराठी जरा मोडकं आहे, सांभाळून घ्या.

देले शब्दाबद्दल कोणी बोललं नाही अजून. आमच्या इथे नवीन मुलं हेच करतात. देले म्हणजे उशीर नाही, उशीर म्हणजे 'रतार'. देले म्हणजे दिलेली मुदत, लागणारा वेळ. "देले द लिव्हरेझों" तीन आठवडे असं कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं, तर लोक घाबरतात की तीन आठवडे उशीर होणार म्हणून. उशीर नाही हो, ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ तो. आणि "दाँ ले देले" म्हणजे वेळेत! इंग्लिश डोकं ठेवून वाचलं तर उशिरात असं वाटेल.

अर्धवट_पुणेकर

बरोबर, देलेचा उशिराशी काहीही संबंध नाही, हे मला क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. कधीही, कुठेही नाही.

लिओंकर

कधीही नाही असं म्हणू नका हो. "आकोर्दे अँ देले" म्हणजे कोणाला वाढीव मुदत देणं, तिथे उशिराच्या जवळपास आलोच की आपण. "देले स्युप्लेमाँतेर" मागणं म्हणजे आम्हाला अजून वेळ द्या. म्हणजे जो उशीर अजून व्हायचाय आणि समोरच्याच्या परवानगीने होणार, त्याला देले चालतं. परवानगीशिवाय घडून गेलेला तो रतार. आणि "साँ देले" म्हणजे ताबडतोब, दम देणाऱ्या पत्रांत असतं.

चिमणीताईंच्या बाबतीत साधं सरळ: "नू झाव्हों प्री द्यु रतार", आमच्याकडून उशीर झालाय. त्या देलेवरून आठवलं, एका मेलमध्ये वाचलं होतं की "आम्हाला आमच्या डिलिव्हरीच्या मुदतीबद्दल खेद वाटतो". लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं उशिराबद्दल खेद आहे. वाचणाऱ्याला वाटलं यांची मुदतच यांना आवडत नाही, मग ठेवली कशाला.

आणि 'आक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या. साहेबांच्या मनातलं 'खरं तर' हवं असेल तर "आँ फे" म्हणतात, पण ते बोलण्यातलं, मेलमध्ये गाळलंत तरी काही बिघडत नाही.

मृण्मयी_माँट्रियाल

माझी केस जरा वेगळी आहे. मी माँट्रियालमध्ये एचआरमध्ये आहे. इथे 'कुरिएल' अगदी सर्रास, ऑफिसात कोणी 'मेल' म्हटलं तर फ्रान्सहून आलाय हे लगेच कळतं. १९७७च्या भाषेच्या कायद्यापासून कंपन्यांनी कामकाज फ्रेंचमध्ये करायचं आणि त्यावर लक्ष ठेवायला सरकारी ऑफिस आहे. म्हणजे सुट्या इंग्लिश शब्दांवर आम्ही पहारा ठेवतो. पण वाक्यंच्या वाक्यं इंग्लिशवरून उचललेली असतात ती मात्र बिनधास्त चालतात! सकाळी सगळे "बों मातँ" म्हणतात, फ्रान्समध्ये हे ऐकून लोक हसले मला. "सा फे द्यु साँस" म्हणजे पटतंय, हे इथे रोज कानावर पडतं. फ्रान्समधल्या टीमने मला सांगितलं की "सा आ द्यु साँस" म्हणा. मग पाहिलं तर त्यांच्यातली तरुण मुलं पण फेर द्यु साँसच म्हणत होती.

तर माझा प्रश्न, नॅचरल फ्रेंच म्हणजे कोणाचं?

लिओंकर

मृण्मयी, चांगला चिमटा काढलात. मी म्हणेन, मेल जिथे जाणार तिथलं. लिओंच्या बाईंना 'कुरिएल' लिहिलंत तर कळेल, २००३ पासून फ्रान्समध्येही सरकारी शब्द तोच आहे, पण रोजच्या कामात सगळे 'मेल'च लिहितात. 'फेर द्यु साँस' इथे पसरतंय हे खरं, पण क्लायंटला लिहिताना मी अजून टाळतो. बोलताना मीही म्हणून जातो.

पुणेकरांनी कायदा काढला होता त्याबद्दल. तूबाँ कायदा म्हणतात, ४ ऑगस्ट १९९४ चा. कंपनीने आपल्या कामगारांना दिलेली कागदपत्रं, ज्यावर त्यांचं काम अवलंबून आहे, ती फ्रेंचमध्ये हवीत. त्यावरून जनरल इलेक्ट्रिकच्या मेडिकल विभागाला २००६ मध्ये व्हर्सायच्या अपील कोर्टात ५ लाख ८० हजार युरो भरायला लागले होते, सॉफ्टवेअर आणि त्याची कागदपत्रं इंग्लिशमध्येच ठेवली म्हणून. पण परदेशातून आलेल्या कागदांना कामगार कायद्यातला हा नियम लागू नाही. चाकणहून 'मीटिंग' लिहिल्याबद्दल कोणी दंड करायला येत नाही.

अर्धवट_पुणेकर

बरं बरं, मानलं. पण माझ्या सरांना 'मीटिंग' आवडायचं नाही हे मात्र खरं.

चाकणची_चिमणी

आणि 'दमाँदे'चं काय? साहेबांना कडक हवं होतं. मला वाटलं हा जरा जास्तच कडक झाला.

लिओंकर

उलट मऊ झाला. 'दमाँदे' म्हणजे नुसतं मागणं, विचारणं. रेस्टॉरंटमध्ये बिलसुद्धा दमाँदेच करतात. कडक म्हणजे 'एग्झिझे', तो शब्द धंद्यात वापरला की भांडणाची सुरुवात समजा, आणि त्याच्याही पुढची पायरी 'मीझ आँ दमर', म्हणजे रीतसर कायदेशीर नोटीस.

हे उलट्या बाजूनेही नडतं. फ्रेंच माणूस इंग्लिश लिहायला बसला की तो 'दमाँदे' मनात ठेवून इंग्लिशमधला तसाच दिसणारा शब्द टाकतो आणि आपल्याकडचे साहेब लालबुंद होतात की हा कोण आम्हाला हुकूम सोडणारा. बिचारा विनंती करत असतो.

तुम्हाला हवंय ते "मेर्सी द ब्याँ वूल्वार नू कोंफिर्मे व्होत्र आकोर". कृपया तुमची संमती कळवावी. नम्र आहे, पण उत्तर द्यावंच लागतं.

कोकण_टू_क्यूरपीप

मला 'मेर्सी द' आवडत नाही. काम होण्याआधीच आभार मानून मोकळं व्हायचं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. आमचे जुने साहेब "नू वू प्रियों द" लिहायला लावायचे.

लिओंकर

तेही बरोबरच, जरा सरकारी थाटाचं. नुसतं 'मेर्सी द' काही लोकांना तुटक वाटतं हे खरंय, म्हणून 'ब्याँ वूल्वार' घातलं. यावर इथेही दोन तट आहेत.

डेल्फवाला

म्हणजे परीक्षेत कोणतं लिहू?? 'नक्की' या अर्थाने मी 'देफिनितीव्हमाँ' लिहितो ते पण चूक का मग?

लिओंकर

चूक. 'देफिनितीव्हमाँ' म्हणजे कायमचं, परत फिरणं नाही. दुकान देफिनितीव्हमाँ बंद झालं म्हणजे आता उघडणार नाही. "आम्ही नक्की पाठवणं थांबवू आणि तपासू" असं म्हणायला जाल आणि समोरच्याला वाटेल सप्लायच कायमचा बंद.

आणि 'नक्की'साठी 'साँ दूत'कडे वळू नका, तो दुसरा खड्डा. शब्दशः शंकेशिवाय, पण आजच्या वापरात अर्थ बहुतेक, बहुधा. खरोखर निःशंक असाल तर "साँ झोकँ दूत", मधला शब्द घातला तरच. 'सेर्तेनमाँ' सुद्धा बोलण्याच्या सुरात कधी 'असेल बहुतेक' होऊन जातं. त्यामुळे मी काय करतो, खात्री दाखवायला असलं क्रियाविशेषण शोधतच नाही, तारीख आणि आकडा देतो.

परीक्षेचं म्हणाल तर परीक्षकाला दोन्ही चालतील, पण धागा भलतीकडे नेऊ नका राव.

बाबूराव_भोसरी

आकड्यावरून आठवलं. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात १२० कोटी टर्नओव्हर आहे, इंग्लिशमध्ये १.२ बिलियन रुपये असं छापलंय, एका एजन्सीने त्याचं फ्रेंच करताना 'बिलियों' ठेवलंय. ठीक आहे का?

लिओंकर

बाबूराव, अभिनंदन, तुम्ही एकदम १ लाख २० हजार कोटींचे मालक झालात. फ्रेंचमध्ये 'बिलियों' म्हणजे एकावर बारा शून्यं, एक लाख कोटी. शंभर कोटीला 'मिलियार' म्हणतात. तुमचे १२० कोटी म्हणजे '१,२ मिलियार द रुपी', आणि मधे टिंब नाही, स्वल्पविराम. त्याचंच उलटं, पीसची संख्या आपण १,२५० लिहितो ती तिथे सव्वा वाचली जाऊ शकते. हजारासाठी ते नुसती मोकळी जागा सोडतात, १ २५०.

आणि 'टर्नओव्हर' हा शब्द तसाच ठेवला असेल तर तोही बदला. फ्रान्समध्ये टर्नओव्हर म्हणजे माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण. धंद्याची उलाढाल म्हणजे 'शिफ्र दाफेर'.

बाबूराव_भोसरी

म्हणजे त्यांनी वाचलं की १२० कोटी लोक सोडून गेले 😂 एजन्सीला आत्ताच फोन लावतो.

शंका_कुशंका

हसून हसून मेलो. बरं त्या सुरुवातीचं आणि शेवटचं काय? "मेल तुम्हाला बरी सापडेल" आणि "उत्तम नजरा"?

मृण्मयी_माँट्रियाल

हे मी सांगते. 'मेयर रगार' म्हणजे खरंच चांगल्या नजरा, इंग्लिश मेलच्या शेवटाचं शब्दाला शब्द लावलेलं. रोजच्या मेलला 'कोर्दियालमाँ', ओळख असेल तर 'ब्याँ कोर्दियालमाँ'. ते लांबलचक "झ वू प्री दाग्रेए, मादाम..." वालं आता औपचारिक पत्राला, नोकरीच्या अर्जाला. आणि 'उत्तराची वाट बघतोय' साठी "दाँ लाताँत द व्होत्र रेपोंस". सुरुवातीला तब्येतीची चौकशी वगैरे काही नको, बोंझूर मादाम आणि लगेच कामाचं. आपल्याला ते कोरडं वाटतं, त्यांना वाटत नाही.

चाकणची_चिमणी

सगळ्यांचे खूप आभार. नवीन ड्राफ्ट:

"बोंझूर मादाम, नू झाव्हों प्री द्यु रतार स्युर व्होत्र कोमाँद ए नू वू प्रियों द नू झाँ एक्सक्युझे. ले पिएस स्रों एक्सपेदिए द न्हावा शेवा ल १५ मार्स ओ प्ल्यु तार. सोफ एरर द नोत्र पार, ल फ्रे मारितीम रेस्त आ व्होत्र शार्ज. मेर्सी द ब्याँ वूल्वार नू कोंफिर्मे व्होत्र आकोर. दाँ लाताँत द व्होत्र रेपोंस, ब्याँ कोर्दियालमाँ."

शेवटी "पोचायची तारीख कळली की झ रव्हियाँद्रे व्हेर वू", म्हणजे तुमच्याकडे परत येईन, असं टाकू का? त्यांच्या एका जुन्या मेलमध्ये पाहिलं होतं.

लिओंकर

झकास. माफीचं वाक्य छान जमलंय. बरेच जण "नू नू झेक्सक्युझों" लिहितात, ते शब्दशः आम्हीच आम्हाला माफ करतो, जुन्या वळणाच्या लोकांना खटकतं.

'रव्हियाँद्रे व्हेर वू' वर मात्र मी काठावर आहे. शुद्धीवाले त्याला इंग्लिशवरून आलेलं म्हणून झोडतात, ऑफिसात मात्र प्रत्येक दुसऱ्या मेलमध्ये असतं. मी असतो तर "नू वू कोम्युनिक्रों ला दात दारिव्हे" लिहिलं असतं, पोचायची तारीख कळवू. त्यात कोणालाच काही खटकणार नाही.

मृण्मयी_माँट्रियाल

बाईंनी स्वतःच वापरलंय ना ते? मग बिनधास्त टाका. त्यांच्याच शब्दात त्यांना उत्तर दिलं तर कुठे बिघडलं.

कोकण_टू_क्यूरपीप

मी लिओंकरांच्या बाजूने. आणि ताई, ती पोचायची तारीख देताना कोणत्या बंदरात ते पण लिहा, ल आव्र की मार्सेयजवळचं फोस. लिओंला माल दोन्हीकडून येतो, आणि तिथून पुढचा ट्रक बाईंनाच ठरवायचाय.

चाकणची_चिमणी

बंदराचं साहेबांना विचारते. 'रव्हियाँद्रे' काढून कोम्युनिक्रों टाकलंय. मेल उद्या सकाळी जाईल, त्यांचं ऑफिस उघडायच्या आत.